‘शालोम’चं मराठी काय करू? एका माहितीपटात हा शब्द 38 वेळा आलाय

कोयनाकाठ
मंडळी, मदत हवी आहे. एका हिब्रू माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. पेणहून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबाची गोष्ट आहे, आता तिसरी पिढी दिमोनात राहते. आजी मधूनमधून मराठी बोलते, बाकी सगळे हिब्रू. मला हिब्रू येत नाही. हाताशी इंग्रजी संहिता आहे आणि मूळ आवाज आहे.

अडचण अशी की इंग्रजीत कुठे हॅलो लिहिलंय, कुठे बाय, कुठे पीस, पण कानाला दर वेळी ‘शालोम’च ऐकू येतं. मोजलं, 38 वेळा. आधी सगळीकडे ‘शालोम’च ठेवलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, प्रेक्षकाला काही कळणार नाही. मग सगळीकडे ‘नमस्कार’ केलं, तर आजोबा दवाखान्यात भरती व्हायला निघताना दारात उभे राहून ‘नमस्कार’ म्हणायला लागले!

अडलेल्या जागा या:
1. नात फोनवर: ‘शालोम सावता, मा श्लोमेख?’ (सावता म्हणजे आजी, एवढं मला कळलंय.)
2. सरकारी कचेरीतली बाई आजोबांना: ‘शालोम’.
3. आजोबा निघताना दारात: ‘शालोम’. आजी उत्तरादाखल ‘लेख लेशालोम’ असं काहीतरी म्हणते.
4. आजी तिच्या वडिलांविषयी सांगताना मध्येच ‘आलाव हाशालोम’.
5. जुनी बातमीची फीत, 1995 सालची. क्लिंटन म्हणतात, ‘शालोम, खावेर.’

एकच शब्द घेऊन सगळीकडे चालवता येईल का? की जागा बघून बदलायचा?

शब्दखोर
सोपं आहे. शालोम म्हणजे शांती. अरबी सलाम तोच शब्द, जेरुसलेम म्हणजे शांतीचं नगर. मूळ अर्थ सोडून भाषांतर करू नये. ‘शांती असो’ लिहा, प्रेक्षक दोन मिनिटांत रुळतो. आपण ‘राम राम’चं भाषांतर हॅलो करतो का?

वसईवाला
शब्दखोरांशी सहमत. आमच्याकडे चर्चमध्ये ‘तुम्हांस शांती असो’ हे लहानपणापासून ऐकतोय. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांसमोर येतो तेव्हाही हेच म्हणतो. मराठी बायबलमध्ये रुळलेला प्रयोग आहे, नवीन काही शोधायची गरज नाही.

बाळ्या
फोन उचलून ‘शांती असो आजी’ म्हटलं तर माझी आजी विचारेल, कोण गेलं?

कोयनाकाठ
@बाळ्या, हसले, पण अडचण अगदी हीच आहे. ‘शांती असो’ वाचलं की मला वर्तमानपत्रातला श्रद्धांजलीचा चौकोन दिसतो.

हैफात_नवा
माझाही प्रश्न यातच विचारतो. तीन आठवड्यांपूर्वी हैफाला आलोय, विद्यापीठात. मी सगळ्यांना शालोम म्हणतो, आणि प्रयोगशाळेतली पोरं गालात हसतात. माझा उच्चार चुकतोय का? शा लांब करतोय, बरोबर ना?

पेणची_लेक
कोयनाकाठ, तुमचा धागा मुलाने पाठवला. मी 1971 साली पेणहून इथे आले, तेव्हा बावीस वर्षांची होते. आता अश्दोदला असते. शाळेत हिब्रू शिकवून निवृत्त झाले, घरात मात्र अजून मराठी. तुमच्या माहितीपटातली आजी माझ्याच वयाची असणार, म्हणून लिहायला बसले.

आधी हैफावाल्याला सांगते. उच्चार बरोबर आहे बाळा, फक्त जोर ‘लोम’वर दे. पोरं हसतात ती वेगळ्या कारणाने. वीस-पंचवीसची पोरं एकमेकांना शालोम कुठे म्हणतात! ती ‘हाय’ म्हणतात, ‘आहलान’ म्हणतात, नाहीतर थेट ‘मा निश्मा’, म्हणजे काय ऐकू येतंय. आपण ‘काय म्हणतोस?’ विचारतो तसं. निघताना ‘बाय’, ‘याल्ला बाय’. शालोम हा कचेरीतला, अनोळखी माणसाला म्हणायचा, वडीलधाऱ्यांचा, फोनवर समोर कोण आहे माहीत नसताना म्हणायचा. वर्गमित्राला तू ‘नमस्कार, आपण कसे आहात?’ म्हणालास तर तो हसेलच की.

कोयनाकाठ, यातच तुमच्या दुसऱ्या जागेचं उत्तर आहे. कचेरीतली बाई ‘शालोम’ म्हणते तिथे ‘नमस्कार’ अगदी फिट्ट. नातीच्या फोनला मात्र ‘नमस्कार’ नको, आजीशी असं कोण बोलतं? तिथे ‘हॅलो आजी, कशी आहेस?’ एवढंच लिहा.

शब्दखोरांना एक विचारते, रागावू नका. ‘मा श्लोमेख’चं तुमच्या पद्धतीने काय कराल? शब्दशः ते ‘तुझं शालोम काय’ असं आहे. ‘तुझी शांती काय’ असं लिहिणार?

शब्दखोर
तो वाक्प्रचार झाला, तिथे ‘कशी आहेस’ ठीक. पण मूळ अर्थ शांतीच ना? जेरुसलेमचं काय?

पेणची_लेक
जेरुसलेमचं राहू दे. ‘शांतीचं नगर’ हा लोकांनी नंतर लावलेला गोड अर्थ आहे. बहुतेक अभ्यासक ते नाव शालेम नावाच्या जुन्या कनानी देवाशी जोडतात.

मूळ अर्थावरच येते. श-ल-म या तीन अक्षरांत आधी आहे ते ‘पुरं असणं, न मोडलेलं असणं’. ‘शालेम’ म्हणजे अख्खं. दुकानात पैसे दिले की आम्ही ‘शिलामती’ म्हणतो, म्हणजे पैसे भरले, हिशेब पुरा केला. भांडणही नाही आणि तहही नाही, तिथेसुद्धा हा धातू आहे. लढाई थांबली की शालोम, हे खरं, पण ते त्या पुरेपणाचं एक रूप. हा धातू मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने केव्हाच आलाय. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणतो ना आपण? त्या सलामतमध्ये जो अर्थ आहे, धडधाकट, शाबूत, तो शालोमच्या गाभ्याशी ‘शांती’पेक्षा जवळचा आहे.

बायबलमधलीच जागा दाखवते, वसईवाल्यांना उघडून बघता येईल. दुसरं शमुवेल, अध्याय 11. उरिया लढाईवरून परततो तेव्हा दावीद राजा त्याला तीन गोष्टी विचारतो: यवाबाचं शालोम, लोकांचं शालोम आणि लढाईचं शालोम. हिब्रूत तिन्ही ठिकाणी हाच शब्द आहे. लढाईची शांती कशी विचारणार? सेनापती बरा आहे ना, माणसं बरी आहेत ना, लढाई ठीक चाललीये ना, असं तो विचारतो. मराठीत एकच शब्द घालायचा तर ‘खुशाली’. तिन्ही ठिकाणी चालतो.

वसईवाला
उघडून बघितलं. आमच्या मराठी आवृत्तीतही तिथे शांती नाही, हालहवाल विचारल्यासारखंच आहे. मग माझं म्हणणं थोडं मागे घेतो. पण योहानात ‘तुम्हांस शांती असो’ चूक आहे असं मी म्हणणार नाही. तिथे शिष्य दारं लावून घाबरून बसलेत. त्यांना नुसता ‘नमस्कार’ म्हणून कसं चालेल?

पेणची_लेक
चूक नाहीच. तिथे तुमचं बरोबर आहे. देवळात, चर्चमध्ये, प्रार्थनेत ‘शांती’ शोभते, कारण तिथे ते नुसतं अभिवादन नाही, मागणं आहे. आमच्या सिनेगॉगमध्येही प्रार्थना संपली की हातबोशी असते. वडीलधाऱ्याचे हात दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची. मग पुढच्याशी तेच. असं एकाकडून दुसऱ्याकडे करत शेवटच्या बाकापर्यंत शालोम पोचतो, तोंडाने बोललं नाही तरी. लहान असताना मला वाटायचं की शालोम ही हातात धरायची वस्तूच आहे.

पण रस्त्यावर, फोनवर, दारात ती ‘शांती’ आणू नका.

बाळ्या
मावशी, ती हातबोशी माहितीपटात असेल तर तिथे उपशीर्षक काय?

पेणची_लेक
काही नाही. तिथे कोणी बोलत नाही, तुम्ही पण बोलू नका.

कोयनाकाठ
मावशी, कुठून धन्यवाद देऊ! म्हणजे 1 आणि 2 सुटले. आता दाराची जागा. आजोबा पिशवी घेऊन उभे आहेत, मुलगा खाली गाडी काढतोय. आजोबा ‘शालोम’ म्हणतात, आजी त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ करते आणि ‘लेख लेशालोम’ म्हणते. इंग्रजीत ‘गुडबाय’ आणि ‘गो इन पीस’ आहे. माझा आत्ताचा मसुदा: ‘निरोप घेतो.’ / ‘शांततेत जा.’ वाचून मलाच कसंतरी होतंय.

पेणची_लेक
कसंतरी व्हायलाच हवं. ‘शांततेत जा’ म्हणजे मास्तरांनी वर्गाला सांगितल्यासारखं झालं, रांगेत, गडबड न करता!

या जागी थांबून ऐका, कारण तुमच्या आजीने शब्द निवडून वापरलाय. तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात, बराखोत नावाच्या भागाच्या अगदी शेवटी, एक सांगणं आहे. जिवंत माणसाला निरोप देताना ‘लेख लेशालोम’ म्हणावं. मेलेल्याला निरोप देताना ‘लेख बेशालोम’. फरक एका अक्षराचा. ‘ले’ म्हणजे ‘कडे’, ‘बे’ म्हणजे ‘मध्ये’. जिवंत माणसाला अजून चालायचं आहे, तो शालोमकडे जातो. मेलेला पोचलेला असतो. दाखलेही दिलेत: इथ्रोने मोशेला ‘लेशालोम’ म्हटलं, तो वर चढत गेला. दाविदाने अबशालोमाला ‘बेशालोम’ म्हटलं, तो गेला आणि झाडाला लटकून मेला.

दवाखान्यात निघालेल्या नवऱ्याला आजी ‘ले’ म्हणते. इंग्रजीवाल्याने ‘गो इन पीस’ लिहून नेमकं ते उलटं केलं, म्हाताऱ्याला जिवंतपणीच पोचवलं.

आणि आपल्या मराठीत हे आहेच की! घरातून निघताना ‘जातो’ म्हणतो का आपण? माझी आई ‘जाते’ म्हटलं की चपापायची. ‘येते म्हण’ म्हणायची. मग आजोबांच्या ‘शालोम’ला काय लिहायचं ते सांगायला नको.

कोयनाकाठ
‘येतो.’

अंगावर काटा आला.

पेणची_लेक
आणि आजी म्हणते, ‘सुखरूप या.’ नाहीतर ‘सुखरूप जाऊन या.’ तिच्या वयाची पेणची बाई नवऱ्याला ‘अहो’च म्हणणार, म्हणून ‘ये’ नको. मराठीत असताना आम्ही नवऱ्याला अहो-जाहोच करत होतो. हिब्रूत ती सोयच नाही, सगळे एकेरीत. तेही तुम्हालाच परत घालावं लागेल.

शब्दखोर
‘सुखरूप’ मस्तच आहे, मान्य. पण एक शंका. बायबलमध्ये जिवंत माणसांसाठीही ‘बेशालोम’ येतं असं मी कुठेतरी वाचलंय. मग हा नियम खरा की नंतर लावलेला?

पेणची_लेक
बरोबर पकडलंत. याकोब नवस करतो, ‘मी बापाच्या घरी बेशालोम परत आलो तर’, आणि तो चांगला जिवंत असतो. तिथेही ‘सुखरूप’च लागतं बघा. म्हणजे हा व्याकरणाचा नियम नाही, आपल्या ‘येतो’सारखा जपण्याचा रिवाज आहे. आजचं तरुण माणूस ‘ले’ आणि ‘बे’ बघत नाही. माझ्या नातवाला तर ‘लेख लेशालोम’ म्हणजे नाटकातलं वाक्य वाटेल. पण तुमच्या आजीने म्हटलंय, आणि कॉलर सरळ करता करता म्हटलंय. तिला माहीत आहे.

वसईवाला
मावशी, मी एक जागा सुचवू? दुसरे राजे, अध्याय 4. शुनेमच्या बाईचा मुलगा मांडीवर मेलाय. ती त्याला संदेष्टा अलीशाच्या बिछान्यावर ठेवून गाढवावर बसून निघते. अलीशाचा नोकर धावत येऊन विचारतो: तू बरी आहेस ना, नवरा बरा आहे ना, मुलगा बरा आहे ना? आणि ती एका शब्दात उत्तर देते. आता तुम्ही सांगितल्यावर हिब्रू बघितलं, तो शब्द ‘शालोम’ आहे. मी इतकी वर्षं ते वाचून तिच्या विश्वासावर प्रवचनं ऐकलीत.

पेणची_लेक
प्रवचनाचं प्रवचनकारांना माहीत. मला ती बाई आपल्यासारखी वाटते. दारातल्या माणसाने विचारलं, ‘काय, बरं आहे ना?’ तर आपण ‘बरंय’ म्हणतो आणि पुढे सरकतो, कारण जे सांगायचं ते त्याला नाही सांगायचं. ती अलीशाचे पाय धरते तेव्हाच मन मोकळं करते. तिथे ‘शांती’ लिहिलं की ती संत होते, ‘बरंय’ लिहिलं की आई राहते. दुसरं मत असू शकतं, मी भांडणार नाही.

शब्दखोर
‘बरंय’ फार घरगुती नाही का? बायबलच्या भाषेचा एक बाज असतो.

वसईवाला
मलाही ‘सर्व ठीक आहे’ जास्त पटतं. ‘बरंय’ वेदीवरून वाचता येणार नाही.

पेणची_लेक
वेदीवरून वाचायचं असेल तर तुमचं धरा.

कोयनाकाठ
4 नंबरला येऊ? आजी सांगतेय, ‘आबा शेली, आलाव हाशालोम, तेलाचा घाणा चालवायचा.’ मी ‘माझे कैलासवासी वडील’ लिहिलं होतं. मग लक्षात आलं, ज्यू माणसाला मी कैलासाला पाठवतेय!

बाळ्या
शनिवार तेली कैलासवासी 😄

पेणची_लेक
शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणायचे. हसू नका, माझ्या वडिलांच्या शोकपत्रिकेत छापखान्याने ‘कै.’ छापलंच होतं! त्यांच्याकडे तो खिळा तयारच असायचा.

शब्दशः ते ‘त्याच्यावर शालोम असो’ असं आहे. बाईविषयी असेल तर ‘आलेहा हाशालोम’. आता इथे तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसासाठी तरी ‘शांती’ चालेल! ‘देव त्यांना शांती देवो’, चूक नाही. पण आवाज ऐका. आजी मध्येच थांबत नाही ना? एका दमात बोलून पुढे घाण्यावर जाते. इथे लोक गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की सवयीने ते जोडतात, श्वास घेतल्यासारखं. ‘देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो’ एवढं लांब लिहिलंत तर प्रेक्षक वाचेपर्यंत आजी बैलापर्यंत पोचलेली असेल.

कोयनाकाठ
तपासलं. ‘आलाव हाशालोम’ला जेमतेम एक सेकंद आहे. दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त मावणार नाही. ‘दिवंगत’ घालू? पण घाण्याच्या गोष्टीत ‘दिवंगत’ म्हणजे शोकसभा.

पेणची_लेक
‘आमचे बाबा, आता नाहीत ते, तेलाचा घाणा चालवायचे.’ मला हे बोलल्यासारखं वाटतं. यात आशीर्वाद हरवतो, ते कबूल. दोन्ही राखायला जागा नाही.

हैफात_नवा
मध्येच बोलतो, सॉरी. काल प्रोफेसर म्हणाल्या, ‘तिम्सोर दाश ला-इमा’. मी मान डोलावली. दाश म्हणजे काय होतं? आईला काय द्यायचंय मी?

पेणची_लेक
काही द्यायचं नाही रे. ‘द्रिशात शालोम’ची आद्याक्षरं जोडून ‘दाश’ झालाय. आईला माझा नमस्कार सांग, एवढंच. आपलं ‘घरी नमस्कार सांगा’. फोन कर आईला.

शब्दखोर
जुन्या मराठी पत्रांत असायचं ना, ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’. ती द्रिशात शालोमच झाली की. हे मला आता दिसलं. ‘शांती असो’वाला पहिला प्रतिसाद खोडायचा का ठेवायचा?

कोयनाकाठ
ठेवा, त्यामुळेच धागा वाढला. आता शेवटची, 5 नंबर. ही मला सर्वांत अवघड वाटतेय.

पेणची_लेक
हीच खरी अवघड आहे. 4 नोव्हेंबर 1995, शनिवारची रात्र. तेल अवीवच्या चौकात शांततेसाठी मोठी सभा होती. पंतप्रधान राबिन सभा संपवून खाली उतरून गाडीकडे निघाले आणि त्यांना गोळ्या घातल्या. आम्ही टीव्हीसमोरच होतो. क्लिंटननी त्याच दिवशी वॉशिंग्टनला निवेदन केलं आणि शेवटी म्हणाले, ‘शालोम, खावेर’. खावेर म्हणजे मित्र, सोबती. दोन दिवसांनी अंत्यविधीतही तेच म्हणाले. नंतर कितीतरी महिने इथल्या गाड्यांच्या मागे तेच दोन शब्द चिकटवलेले होते.

त्यात निरोपही आहे आणि ज्यासाठी माणूस मेला ती शांतताही आहे. दोन्ही एकाच वेळी, म्हणूनच ते लागलं. आणि गंमत बघा, क्लिंटननी स्वतः पहिल्या निवेदनात त्याचा इंग्रजी अर्थ सांगितला तो फक्त ‘गुडबाय, मित्रा’. शांतता त्यांच्याही हातून निसटली.

बाळ्या
‘येतो, मित्रा’ नाही चालणार, जाणारा राबिन आहे.

वसईवाला
‘शांती, मित्रा’? इथे तरी शांती? मेलेल्याला शोभते आणि शांतता करारालाही शोभते. बाळ्याची आजी पण काही म्हणणार नाही.

पेणची_लेक
वसईवाल्यांनी कोपऱ्यात गाठलं मला. पण करारवाली ती ‘शांतता’, मराठी वर्तमानपत्रं ‘शांतता करार’च लिहितात. ‘शांती’ म्हटलं की आत्म्याची. आणि ‘शांतता, मित्रा’ म्हटलं तर गप्प बसवल्यासारखं होतं.

शब्दखोर
मी उलट टोकाला जातो आता. इथे ‘शालोम, मित्रा’च ठेवा. तोपर्यंत प्रेक्षकाने चाळीस मिनिटं कानाने शालोम ऐकलाय आणि खाली ‘हॅलो’, ‘नमस्कार’, ‘येतो’ वाचलंय. शेवटी शब्दच दाखवला तर ते सगळं त्यात येईल.

कोयनाकाठ
फीत 52व्या मिनिटाला आहे. शब्दखोर, तुमचं पटतंय. पण ज्याने लक्ष देऊन ऐकलंच नसेल त्याचं काय?

पेणची_लेक
मी ‘निरोप, मित्रा’ केलं असतं आणि रुखरुख ठेवली असती. ‘शालोम, मित्रा’ मला जरा सुटका करून घेतल्यासारखं वाटतं. पण मी हिब्रूत ऐकलंय, मला मराठी वाचणाऱ्याच्या जागी बसता येत नाही. तुम्ही दोन माणसांना दाखवून बघा.

कोयनाकाठ
दोन्ही प्रती करून ठेवल्यात. सोमवारी दिग्दर्शकाबरोबर आणि त्याच्या आईबरोबर बसून बघणार आहे, कळवते. दाराचा प्रसंग मात्र ‘येतो’ / ‘सुखरूप या’ असा लॉक केला.

मावशी, शुक्रवारच्या जेवणाचा एक प्रसंग आहे, तिथे ‘शब्बात शालोम’ तसंच ठेवू ना?

पेणची_लेक
तसंच ठेवा. फक्त आजी बोलते तिथे ‘शब्बाथ शालोम’ लिहा, ‘थ’ ऐकू येईल तिच्या तोंडून. आम्ही कोकणातून तो ‘थ’ घेऊन आलो. नात ‘त’ म्हणेल. तो फरक पुसू नका.

हैफात_नवा
आज शुक्रवारच आहे. मग संध्याकाळी किराणावाल्याला शब्बात शालोम म्हणू का?

पेणची_लेक
संध्याकाळी उघडा असेल तर ना! दुपारीच जा, आणि दूध-पाव घेऊन ठेव.